केस शीटमधली एमएसई आणि कोर्टासाठीची एमएसई

वाचकाचं पत्र:

मी मानसोपचार विभागात निवासी डॉक्टर आहे, तिसरं वर्ष. माझ्या केस शीटमधल्या एमएसईचं, म्हणजे रुग्णाच्या मानसिक अवस्थेच्या तपासणीच्या नोंदीचं, विभागात नेहमी कौतुक होतं. आता पहिल्यांदाच मृत्युपत्र करण्याच्या क्षमतेबद्दल एक मेडिकोलीगल अहवाल लिहायला मिळाला. एमएसई नेहमीपेक्षा दुप्पट सविस्तर लिहिली, एकही सदर सोडलं नाही. तरी सरांनी “ही परीक्षेची केस शीट आहे, अहवाल नाही” एवढंच म्हणून कागद परत दिला. एक सीनियर म्हणतात, कोर्टासाठी जेवढं कमी लिहू तेवढं बरं, वकिलाला पकडायला जागाच राहत नाही. तपासणी तीच, रुग्ण तोच, मग लिहिणं वेगळं का? आणि या परत आलेल्या अहवालाचं मी आता काय करू?

उत्तर:

तपासणी तीच असते, हे तुमचं गृहीत मला आधी तपासून पाहावंसं वाटतं. सदरं तीच असतात हे खरं. दिसणं-वागणं, बोलणं, मूड, विचार, भास, स्मरण, जजमेंट, इनसाइट हा क्रम दोन्हीकडे चालतो. पण प्रशिक्षणासाठी एमएसई करताना तुमच्यासमोरचा प्रश्न असतो, “या माणसाच्या मनाची अवस्था कशी आहे?” मेडिकोलीगल कामात प्रश्न दुसऱ्या कुणीतरी विचारलेला असतो आणि तो फार नेमका असतो. हा माणूस हे मृत्युपत्र आज समजून-उमजून करू शकतो का? प्रश्न बदलला की रुग्णाला काय विचारायचं तेही बदलतं, आणि लिखाणातला फरक तिथूनच सुरू होतो.

दुसरा फरक वाचणाऱ्याचा. केस शीट वाचणारे तुमचे सर असतात. “अफेक्ट रिस्ट्रिक्टेड” म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. कुठे शंका आली तर ते तिथल्या तिथे विचारतात, तुम्ही उत्तर देता, आणि फारच वाद झाला तर रुग्ण वॉर्डात असतोच, पुन्हा जाऊन बघता येतं. म्हणजे केस शीटमधल्या एका शब्दामागची चार वाक्यं व्हायव्हात तोंडी येतात. कागदावर ती नसली तरी चालतं.

मृत्युपत्राच्या बाबतीत बघा काय होतं. वाद उभा राहतो तो बहुतेक वेळा मृत्युपत्र करणारा गेल्यानंतर. ज्याची तपासणी झाली तो माणूस आता कुणालाच भेटणार नाही. मध्ये कितीतरी वर्षं गेलेली असू शकतात, तुमचीही बदली झालेली असते, त्यानंतर शेकडो रुग्ण तुम्ही पाहिलेले असतात. त्या खोलीत त्या तासाभरात काय घडलं हे सांगायला फक्त तुमचा कागद उरतो. तो वाचणारे न्यायाधीश मानसोपचाराचे जाणकार नसतात, आणि दोन्ही बाजूंचे वकील तो ओळीओळीने वाचतात. म्हणून व्हायव्हात जे तोंडी आलं असतं ते सगळं इथे कागदावरच यावं लागतं.

तुमचा अहवाल मी पाहिलेला नाही, म्हणून एक कल्पित उदाहरण घेते. 76 वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. पत्नी वारलेली, एक मुलगा, एक मुलगी. राहतं घर मुलीला आणि बँकेतली ठेव मुलाला द्यायची, असं मृत्युपत्र त्यांना करायचं आहे. घराची किंमत ठेवीच्या कितीतरी पट. मुलगा म्हणतो, बाबांचं डोकं ठिकाणावर नाही, शेजारी रात्री घरात शिरून वस्तू हलवतो असं ते सगळ्यांना सांगत असतात. सही करण्याआधी वकील त्यांना तपासणीसाठी पाठवतात.

आता तुमच्या वर्गातला हुशार विद्यार्थी त्यांची एमएसई अशी लिहील: “नीटनेटका पोशाख, सहकार्य चांगलं, रॅपो जुळला. बोलणं सुसंबद्ध. मूड युथायमिक, अफेक्ट ॲप्रोप्रिएट. डिल्युजन ऑफ पर्सिक्यूशन प्रेझेंट. परसेप्शन नॉर्मल. ओरिएंटेशन इंटॅक्ट. रिसेंट मेमरी इम्पेअर्ड, एमएमएसई 23/30. जजमेंट इम्पेअर्ड. इनसाइट ग्रेड 1.”

परीक्षेत याला चांगले गुण मिळतील. हाच परिच्छेद कोर्टात गेला तर मुलाचा वकील म्हणेल, डॉक्टरांनीच लिहिलंय की भ्रम आहे, स्मरण कमी आहे, जजमेंट बिघडलंय, इनसाइट नाही. असा माणूस मृत्युपत्र करू शकेल? आणि मुलीचा वकील विचारेल, जजमेंट बिघडलं हे तुम्ही कशावरून ठरवलंत? दोघांनाही कागदात उत्तर सापडणार नाही. यातल्या चार ओळी सुट्या करून बघू.

पहिली ओळ भ्रमाची. “डिल्युजन ऑफ पर्सिक्यूशन” हा निष्कर्ष आहे. त्याच्या आधी तीन गोष्टी घडलेल्या असतात: त्यांनी काहीतरी सांगितलं, तुम्ही ते खोडून पाहिलं, आणि ते खरं नसावं असं तुम्ही ठरवलं. केस शीटमध्ये या तिन्ही गोष्टी एका नावात मिटवता येतात. मेडिकोलीगल कागदात त्या वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. म्हणजे त्यांची वाक्यं त्यांच्याच भाषेत, अवतरणात: “तो रात्री येतो. मी चष्मा टेबलावर ठेवतो, सकाळी तो कपाटावर असतो.” मग तुमचा प्रश्न: “तुम्हीच ठेवून विसरला असाल, असं होऊ शकतं का?” आणि उत्तर: “होऊ शकतं. विसरतो मी हल्ली. पण रोज रोज कसं विसरेन?” हे उत्तर वाचल्यावर लक्षात येतं की समजूत वाटली तेवढी पक्की नाही, तिच्यात शंकेला जागा आहे. “डिल्युजन प्रेझेंट” लिहिलं असतं तर ही जागा कायमची बुजली असती.

आणि शेजाऱ्याकडे घराची किल्ली खरोखर आहे का, हे तुम्हाला माहीत आहे का? एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची किल्ली शेजारी असणं काही विशेष नाही. तुम्ही चौकशी केली असेल तर कुणाकडे केली ते लिहा. केली नसेल तर “या समजुतीची सत्यता मी स्वतंत्रपणे तपासलेली नाही” असं लिहा. असं वाक्य परीक्षेत कमकुवतपणा दाखवतं असं विद्यार्थ्यांना वाटतं. कोर्टात ते तुमच्या बाकीच्या वाक्यांना वजन देतं, कारण तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढंच तुम्ही म्हणता हे त्यातून दिसतं.

याहून मोठी गोष्ट म्हणजे, भ्रम आहे एवढ्यावर मृत्युपत्राचा प्रश्न सुटत नाही. 1870 सालचा बँक्स विरुद्ध गुडफेलो हा इंग्लंडमधला खटला तुम्ही क्षमतेच्या विषयात ऐकला असेल. जॉन बँक्स यांना खरोखरीचे भ्रम होते. एक मेलेला माणूस आपला छळ करतो, दुष्ट शक्ती आपल्या मागे आहेत, असं त्यांना वाटे. तरी न्यायालयाने त्यांचं मृत्युपत्र वैध धरलं, कारण त्या भ्रमांचा मालमत्ता कुणाला द्यायची या निर्णयाशी संबंध नव्हता. त्या निकालातली कसोटी अनेक देशांत अजून आधाराला घेतली जाते. आपण काय करतोय आणि त्याचा परिणाम काय, हे त्या माणसाला कळतंय का; मालमत्ता साधारण किती आहे हे ठाऊक आहे का; आपल्यावर कुणाकुणाचा हक्क पोचतो हे लक्षात आहे का; आणि मनाच्या एखाद्या विकाराने हा निर्णय वाकवला तर नाही ना. तुमच्या देशातला कायदा काय म्हणतो ते वकिलाच्या पत्रातून घ्या, पण प्रश्नांचा गाभा बहुतेक असाच असतो.

म्हणून या गृहस्थांच्या तपासणीत विचारायला हवा होता तो प्रश्न साधा आहे: “तो शेजारी आणि तुमचं मृत्युपत्र, यांचा काही संबंध आहे का? मुलाचा आणि त्या शेजाऱ्याचा काही संबंध आहे असं वाटतं का?” प्रशिक्षणाच्या एमएसईत हा प्रश्न येत नाही. भ्रमाचा प्रकार ओळखला की तिथलं काम संपतं. इथे मात्र सगळा अहवाल या एका उत्तरावर फिरू शकतो. ते म्हणाले, “मुलाचा काय संबंध? तो परगावी असतो,” तर कागद एका दिशेला जातो. ते म्हणाले, “मुलानेच त्याला माझ्यावर सोडलाय,” तर पूर्ण दुसऱ्या दिशेला.

दुसरी ओळ “परसेप्शन नॉर्मल”. हा शब्द कुठून आला हे वाचणाऱ्याला कळत नाही. तुम्ही आवाज ऐकू येतात का असं विचारलंत आणि ते नाही म्हणाले? की विचारलं नाही, पण हवेत बघून बोलताना दिसले नाहीत? की त्या सदरापर्यंत येताना वेळ संपली आणि सवयीने “नॉर्मल” पडलं? विचारलं आणि नाकारलं, पाहिलं आणि दिसलं नाही, तपासलंच नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कोर्टासाठी त्या वेगळ्याच लिहायच्या असतात. “कुणी नसताना आवाज ऐकू येतात का, इतरांना न दिसणारं काही दिसतं का, असं विचारलं, दोन्हींना नाही म्हणाले. 55 मिनिटांच्या मुलाखतीत आवाजाला प्रतिसाद दिल्यासारखं वागणं दिसलं नाही.” एवढं पुरतं. त्यांना त्या शेजाऱ्याचा आवाज ऐकू येतो का, हे विचारलं असेल तर तेही जोडा, कारण समजूत आणि भास यांची गाठ तिथेच पडते.

तिसरी ओळ स्मरणाची. 1975 पासून वापरात असलेली एमएमएसई ही स्मरण, लक्ष, भाषा वगैरे तपासणारी छोटी चाचणी 30 गुणांची आहे आणि 24 च्या खाली गेलं की सावध व्हायचं, असं आपण शिकलेलो असतो. त्यामुळे 23 हा आकडा दिसला की वाचणाऱ्याच्या मनात निकाल लागतो. पण ही चाळणी चाचणी आहे, मृत्युपत्राची क्षमता मोजायला ती बनवलेलीच नाही. म्हणून कोर्टाला बेरजेपेक्षा गुण कुठे गेले हे सांगा. समजा, शंभरातून सात-सात वजा करण्यात चार गेले, तीन शब्द थोड्या वेळाने आठवण्यात तिन्ही गेले. सात गुण असे गेले. चष्मा घरी राहिला होता का, कानाला यंत्र आहे का, चाचणी कुठल्या भाषेत घेतली, शिक्षण किती, गणिताची सवय आहे का, हे आकड्याशेजारीच आलं पाहिजे. नाहीतर चष्म्यावाचून गेलेला गुण स्मृतिभ्रंशाच्या खात्यात जमा होतो.

त्यानंतर प्रश्नाशी भिडणारं स्मरण तपासा. तुमच्याकडे काय काय आहे, कुणाला काय देताय, का देताय, असं मुलाखतीच्या सुरुवातीला विचारायचं आणि शेवटी, दुसऱ्या शब्दांत, पुन्हा विचारायचं. दोन्ही वेळची उत्तरं लिहायची. या गृहस्थांनी दोन्ही वेळा घर मुलीला, ठेव मुलाला हेच सांगितलं, ठेवीचा आकडा बँकेच्या कागदाच्या जवळपास सांगितला, आणि कारण दिलं की “मुलाला घर घ्यायला मी आधीच पैसे दिलेत, मुलीला काहीच दिलं नाही,” तर तीन शब्द विसरण्यापेक्षा हे कितीतरी बोलकं आहे. मुलाला खरंच पैसे दिले होते का हे वकिलाकडच्या कागदांवरून कळलं, तर कुठला कागद पाहिला ते लिहा.

चौथी ओळ जजमेंट आणि इनसाइटची. मला वाटतं केस शीटमधलं सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच. जजमेंट आपण कसं तपासतो? रस्त्यात पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सापडलं तर काय कराल, घराला आग लागली तर काय कराल. त्याच्या उत्तरावर “टेस्ट जजमेंट इम्पेअर्ड” लिहितो. विद्यार्थ्याने सदर सोडलं नाही हे परीक्षकाला त्यातून कळतं. पण “जजमेंट” या शब्दाचा कोर्टात ऐकू येणारा अर्थ म्हणजे निर्णय घेण्याची ताकद, आणि नेमका तोच तर तिथला वादाचा मुद्दा आहे. पाकिटाच्या प्रश्नावरचं एक विचित्र उत्तर त्या माणसाची सगळी निर्णयशक्ती बिघडल्याचा पुरावा म्हणून वाचलं जाऊ शकतं. म्हणून मी सांगेन, मेडिकोलीगल एमएसईत हा शब्द सुटा लिहूच नका. विचारलेला प्रश्न आणि मिळालेलं उत्तर लिहा, आणि त्यापुढे खऱ्या निर्णयामागचा विचार लिहा: पर्याय कोणते होते, ते त्यांना सांगता आले का, एक पर्याय निवडला तर दुसऱ्याचं काय होईल हे कळत होतं का. मुलगा नाराज होईल का, असं विचारल्यावर ते म्हणाले, “होईल. बोलणार नाही माझ्याशी. पण मी हिशेब करूनच ठरवलंय.” हे वाक्य जसंच्या तसं द्या.

इनसाइटचंही तसंच. एक ते सहाच्या पायरीवर “ग्रेड 1” म्हणजे आजार असल्याचं पूर्णपणे नाकारणं. पण याच गृहस्थांनी मघाशी “विसरतो मी हल्ली” असं आपणहून सांगितलं होतं. मग पहिली पायरी कशी? शेजाऱ्याबद्दलची समजूत त्यांना आजाराचा भाग वाटत नाही, विसराळूपणा मात्र वाटतो. दोन्ही गोष्टी साध्या शब्दांत लिहिता येतात. आणि आजाराची जाणीव नसणं म्हणजे मृत्युपत्र करता न येणं, असा अर्थ होत नाही. आकडा टाकला की हे सगळं एका पायरीवर सपाट होतं.

आता कागदाच्या सुरुवातीकडे येऊ, कारण तिथला मजकूर केस शीटमध्ये मुळीच नसतो. वॉर्डातल्या रुग्णाला माहीत असतं की डॉक्टर आपल्याला बरं करायला आलेत, आपण सांगू ते डॉक्टरांपाशी राहील. मेडिकोलीगल तपासणीत यातलं काहीच लागू नसतं. तुम्ही उपचार करायला आलेला नाही, तो सांगेल ते अहवालात जाऊ शकतं, न बोलायचा त्याला अधिकार आहे. हे त्याला समजेल अशा भाषेत सांगायचं, आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायचं. “म्हणजे मी बोललो ते कोर्टात जाऊ शकतं, आणि तुम्ही मला औषध देणार नाही,” असं त्यांनी म्हटलं, तर ते लिहा. बारकाईने पाहिलं तर हीसुद्धा एमएसईच आहे. नवी, थोडी अवघड गोष्ट ऐकून तिचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगता येतो की नाही, हे इथे डोळ्यांसमोर दिसतं.

त्याच जागी आणखी थोड्या गोष्टी हव्यात. तपासणी कुणी, कुठल्या प्रश्नासाठी मागितली. तारीख, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ. आधी कुठले कागद वाचले. त्या दिवशी कुठली औषधं घेतली होती, झोपेची गोळी असेल तर किती वाजता. दुभाषा होता का. आणि खोलीत कोण कोण होतं. मृत्युपत्राच्या कामात हा शेवटचा मुद्दा जीव घेणारा आहे. समजा या गृहस्थांना मुलगीच घेऊन आली होती. वृद्ध रुग्णासोबत नातेवाईक खोलीत बसणं वॉर्डात रोजचं आहे, आपण दोघांना एकत्रच विचारतो, वडील अडखळले की मुलगी वाक्य पूर्ण करते. इथे ज्या व्यक्तीला घर मिळणार आहे तिने पूर्ण केलेलं एक वाक्यसुद्धा तुमची सगळी मुलाखत संशयात टाकू शकतं. तिला बाहेर बसवा, मुलाखत एकट्याची घ्या, आणि तसं केल्याचं लिहा. तिने आधी जे सांगितलं ते एमएसईत मिसळू नका. “मुलीने सांगितलं की...” असा वेगळा परिच्छेद करा आणि मुलाकडूनही माहिती घेतली असेल तर त्याचाही करा. केस शीटमध्ये नातेवाईकाचं म्हणणं आणि आपलं निरीक्षण नकळत एकमेकांत झिरपतं. “रुग्ण रात्री अस्वस्थ असतो” हे तुम्ही पाहिलेलं नसतं, कुणीतरी सांगितलेलं असतं.

विशेषणांबद्दलही बोलायला हवं. संशयी, हट्टी, नाटकी, मॅनिप्युलेटिव्ह, सहकार्य न करणारा. शिकताना हे शब्द खपून जातात. अहवालात तेच शब्द त्या माणसाबद्दलचा तुमचा राग किंवा लोभ म्हणून वाचले जातात. “सहकार्य केलं नाही” याऐवजी “तीन प्रश्नांना उत्तर द्यायला नकार दिला, कारण सांगितलं की ते खाजगी आहेत” असं लिहिलं की वाचणारा आपलं मत आपण बनवतो. लक्षणं खोटी वाटली तरी हाच नियम. काय विसंगत दिसलं ते लिहा: तपासणीत तारीख सांगता आली नाही, पण परत जाताना पुढच्या बुधवारच्या बँकेच्या वेळेची आठवण करून दिली. मृत्युपत्रात उलटी शक्यता जास्त असते, लक्षणं लपवण्याची. म्हणून “नाही” या उत्तरावर न थांबता तोच प्रश्न दुसऱ्या वाटेने पुन्हा विचारावा लागतो.

एमएसईला काळाची मर्यादा असते, ती या कामात फार जपावी लागते. ती त्या तासाचं चित्र आहे. मृत्युपत्रावर सही त्याच दिवशी होणार असेल तर तुमचं चित्र प्रश्नाला भिडतं. सही सहा आठवड्यांनी झाली आणि मध्ये त्या गृहस्थांना ताप येऊन बरळणं सुरू झालं असेल, तर तुमचा कागद त्या सहीबद्दल काही सांगू शकत नाही. फौजदारी प्रकरणात हीच चूक उलट दिशेने होते. घटनेनंतर काही महिन्यांनी एमएसई करतात आणि अहवालात लिहितात की घटनेच्या वेळी आरोपीचं मानसिक संतुलन ठीक नव्हतं. आजच्या तपासणीतून तेव्हाची अवस्था वाचता येत नाही. त्यासाठी तेव्हाच्या नोंदी आणि तेव्हा पाहिलेली माणसं लागतात, आणि तो तर्क एमएसईच्या बाहेर, मताच्या भागात, आधार दाखवून मांडावा लागतो.

मताचा भाग हा निरीक्षणांपासून स्पष्ट वेगळा हवा. केस शीटमध्ये निष्कर्ष एमएसईतच विखुरलेले असतात. अहवालात एमएसई संपते, मग “वरील निरीक्षणांवरून माझं मत” असं सुरू होतं. या गृहस्थांबद्दल ते असं असू शकेल: “स्मरणात सौम्य अडचण दिसते. शेजाऱ्याबद्दल एक समजूत आहे, तिची सत्यता तपासलेली नाही, तिचा मालमत्तेच्या वाटपाशी संबंध मुलाखतीत आढळला नाही. मृत्युपत्राचा अर्थ, मालमत्तेचा साधारण आवाका आणि दोन्ही मुलांचा हक्क त्यांनी दोन वेळा सुसंगत सांगितला. या तारखेला, या मृत्युपत्रापुरती, क्षमता असल्याच्या बाजूने ही निरीक्षणं जातात.” मृत्युपत्र वैध आहे की नाही, हे तुम्ही लिहू नका. तो कोर्टाचा निर्णय आहे. निदानही प्रश्नाला लागत असेल तरच लिहा, कारण “डिमेन्शिया” या एका शब्दाने वरची सगळी वाक्यं वाचणाऱ्याच्या नजरेआड होतात.

तुमच्या सीनियरांचं म्हणणं मला पटत नाही, हे आतापर्यंत तुमच्या लक्षात आलं असेल. कमी लिहिलं की वकिलाला जागा कमी मिळते असं होत नाही. प्रत्येक मोकळी जागा हा प्रश्नच असतो: डॉक्टर, तुम्ही हे विचारलं नाहीत की विचारून लिहिलं नाहीत? मात्र सीनियरांच्या सांगण्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. प्रश्नाशी संबंध नसलेलं खाजगी काही अहवालात घालू नये. या गृहस्थांच्या वैवाहिक आयुष्याबद्दल, तरुणपणीच्या एखाद्या प्रसंगाबद्दल त्यांनी ओघात काही सांगितलं असेल, तर केस शीटमध्ये ते शिकण्यासारखं असतं. अहवालात ते दोन्ही मुलांच्या आणि दोन वकिलांच्या हाती पडतं. मृत्युपत्राशी त्याचा संबंध नसेल तर ते वगळा. तुम्ही दुप्पट लिहिलंत तेव्हा सदरांची संख्या वाढली असावी, चार महत्त्वाच्या ओळींची खोली नाही, असा माझा अंदाज आहे.

प्रशिक्षणाच्या एमएसईला मी कमी लेखत नाही. सगळी सदरं न विसरता विचारायची सवय तिथेच लागते, आणि ती सवय नसेल तर मेडिकोलीगल तपासणीत विचारायचं राहून जातं. फक्त एक करा. केस शीटमध्ये जिथे जिथे निष्कर्षाचा शब्द लिहाल तिथे त्याखाली रुग्णाचं एक वाक्य किंवा तुम्ही पाहिलेली एक कृती लिहायला लागा. सर अडवणार नाहीत, उलट व्हायव्हात तुम्हालाच बरं पडेल.

प्रशिक्षणासाठी लिहिलेली एमएसई रुग्णाच्या फायलीत राहू देताना मात्र जपा. कोर्टाने फाइल मागवली की तीही जाते, आणि तिच्यातलं “जजमेंट इम्पेअर्ड” तुमच्या अहवालाच्या शेजारी उभं राहतं. लॉगबुकसाठीचा मजकूर नाव-ओळख काढून तुमच्या संस्थेच्या नियमाप्रमाणे वेगळा ठेवा. फायलीत जायचाच असेल तर तो विद्यार्थ्याने शिकण्यासाठी लिहिला आहे, कुणी तपासला, कुठल्या तारखेला, हे त्यावर असू द्या. पण एकदा तो फायलीत गेला आणि प्रकरण वादात गेलं, की तो काढायचा नाही, बदलायचा नाही.

आता परत आलेल्या अहवालाबद्दल. तो अजून सही करून पाठवलेला नसेल तर पुन्हा लिहायला हरकत नाही, पण फक्त मुलाखतीच्या वेळी काढलेल्या टिपणांवरून. ती टिपणं फाडू नका, फायलीत ठेवा. टिपणात रुग्णाचं वाक्य नसेल तर आठवणीतून अवतरणचिन्हांत घालू नका. “अशा आशयाचं म्हणाले” असं लिहा, नाहीतर सोडून द्या. अहवाल पुढे गेलेला असेल तर जुन्यात खाडाखोड न करता नव्या तारखेची पुरवणी जोडा. आणि टिपणं चाळताना लक्षात आलं की भ्रमाचा मृत्युपत्राशी संबंध विचारलाच नव्हता, वाटपाचं कारण विचारलं नव्हतं, किंवा नातेवाईक खोलीतच बसले होते, तर लिखाण सुधारून ते भरून निघणार नाही. सरांशी बोला, वकिलांना कळवा, त्या माणसाची संमती घेऊन दुसरी मुलाखत ठेवा, आणि अहवालात दोन्ही तारखा, दोन्ही वेळची निरीक्षणं आणि दुसऱ्यांदा भेटण्याचं कारण लिहा.